मेघाची डोकेदुखी आणि तुझा ड्रॉवर

अरे पिंट्या,

काल फोनवर तू किती सहज बोलून गेलास, मेघाचं डोकं ठणकत होतं म्हणून ड्रॉवरमधली कॉम्बिफ्लाम दिली. तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली मी आणि माझ्याच घरात हे! एका गोळीने सहसा काही होत नाही, घाबरू नका, पण आज तिच्या डॉक्टरांना फोन करून सांग आणि ती स्ट्रिप आधी ड्रॉवरमधून काढ.

स्ट्रिपची मागची बाजू वाच. त्यात पॅरासिटामॉल आहे ते ठीक, पण सोबत आयबुप्रोफेन आहे, घोळ त्याचा. मेघाला 27वा आठवडा चालू आहे. 20 आठवड्यांनंतर बाळाभोवतीचं पाणी बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं आणि ही औषधं बाळाच्या किडनीचं काम मंदावतात, मग पाणी कमी होतं. पुढे 30व्या आठवड्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच बंद व्हायची भीती. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन त्याच जातीची, आणि डिस्प्रिनमध्ये अ‍ॅस्पिरिन असतं म्हणून तीपण नको. पण डॉक्टरांनी रोज घ्यायला जी छोटी 75ची अ‍ॅस्पिरिन दिलीय ती बीपीसाठी आहे, ती माझं पत्र वाचून बंद करू नकोस हां! तिच्या पर्समधली मायग्रेनची जुनी गोळी पण बघ, मागे एर्गोटामिन लिहिलं असेल तर सरळ फेकून दे, त्याने गर्भाशय आवळतं.

मग द्यायचं काय? साधी पॅरासिटामॉल 500, एक गोळी, पुन्हा लागली तर सहा तासांनी. आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरतात लोक. दोन दिवसांत थांबलं नाही तर गोळ्या वाढवायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

तसं मला वाटतं हिचं दुखणं चहाचं असेल. पाच कप पिणारी पोरगी एकदम शून्यावर आली तर डोकं धरणारच की. दिवसाला दोन कप चालतात, ते दे, आणि जेवणाची वेळ चुकवू देऊ नकोस, पाणी भरपूर.

पण एक गोष्ट नीट ऐक. डोकं गोळीने थांबत नाही, डोळ्यासमोर काजवे चमकतात, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतं, चेहरा अचानक सुजतो, यातलं एक जरी दिसलं तर लगेच बीपी मोज. 140/90 किंवा वर असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, 160/110 असेल तर त्याच मिनिटाला. आणि ही लक्षणं असतील तर बीपी नॉर्मल आलं तरी जायचंच, रात्र असली तरी, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बीपी मशीन मी कुरियरने पाठवतोय, कफ तिच्या दंडाला नीट बसतो का तेवढं बघ.

तुझा,
बाबा