पालकमंत्री साहेब, आमच्या दुसऱ्या बिलातले 39 हजार कुठं गेले ते बगा

मा. पालकमंत्री साहेब, बेळगाव जिल्हा, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला लहान कंत्राटदार. गल्लीतले सीसी रस्ते, गटारी असली कामं घेतो. तक्रार कुणाच्या नावानं नाही, कुठल्या कचेरीत झालं तेही लिहीत नाही, फक्त रनिंग बिल कसं काढतात आणि त्यात एक चूक कशी घुसते तेवढं सांगतो, कारण माझ्यासारख्या आणखी दोघातिघांचं असंच झालंय.

काम साधं होतं. रस्ता साडेतीन मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड, काँक्रीटचा दर घनमीटरला 6,000. बाजूला गटार, मीटरला 2,000. पहिल्या बिलावेळी 100 मीटर रस्ता झाला होता, म्हणजे 52.5 घनमीटर, त्याचे 3,15,000 आणि 60 मीटर गटारीचे 1,20,000. एकूण 4,35,000. (जीएसटी वेगळा, तो इथं धरत नाही, नाहीतर डोकं फिरंल.)

त्यातनं 5 टक्के डिपॉझिट, 1 टक्का इन्कम टॅक्स, 1 टक्का लेबर सेस आणि 2 टक्के जीएसटीचा टीडीएस असे 9 टक्के, म्हणजे 39,150 कापले आणि हातात 3,95,850 आले. इथपर्यंत सगळं बरोबर.

मग पाऊस. खानापुरातला पाऊस तुम्हाला काय सांगायचा, काम बंदच. उघडीप झाल्यावर पुढचं केलं, इंजिनियर साहेब टेप घेऊन आले, मापं एमबीत, म्हणजे मापाच्या सरकारी वहीत, चढली आणि मी सही केली. आता इथं लोकांचा गोंधळ होतो: दुसऱ्या बिलात फक्त नवीन काम लिहीत नाहीत, सुरुवातीपासूनचं सगळं काम परत लिहितात आणि आधीचं वजा करतात. पद्धत चांगलीय, कारण पहिल्या वेळी गटार दोन मीटर जास्त धरली गेली असली तर दुसऱ्या मापात आपोआप कमी होते, कुणाला भांडायला नको. तर एकूण रस्ता 180 मीटर, 94.5 घनमीटर, 5,67,000. गटार 100 मीटर, 2,00,000. आजवरचं काम 7,67,000 रुपयांचं.

यातनं पहिल्या बिलाचं काम 4,35,000 वजा केलं की राहतात 3,32,000. त्याचे 9 टक्के 29,880 कापा, मला मिळायला पाहिजेत 3,02,120. दुसऱ्या वाटेनं जा, म्हणजे पूर्ण 7,67,000 वर 69,030 कापा आणि आधी हातात दिलेले 3,95,850 वजा करा, तरी तोच आकडा येतो.

माझ्या खात्यात जमा झाले 2,62,970.

दोन दिवस हिशेब करत बसलो, बायको म्हणाली झोपा आता. मग फरक काढला तर 39,150, बरोबर पहिल्या बिलाची कपात! म्हणजे कपात धरली पूर्ण 7,67,000 वर आणि वजा केले 4,35,000, हातात दिलेले 3,95,850 नव्हेत. दोन वाटा अर्ध्या अर्ध्या जोडल्या आणि पहिल्या बिलाची कपात परत एकदा माझ्याकडनंच घेतली. उलटी भेसळ झाली असती, म्हणजे एकूण कामातनं हातातली रक्कम वजा करून उरलेल्यावर कपात, तर सरकारचेच साडेपस्तीस हजारांवर जादा गेले असते. त्यामुळं हे काय मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. टेबलावरचा माणूस बदलला, नव्या माणसाला रजिस्टरात 'आधी दिलेले' म्हणून एकच आकडा दिसला, तो कपातीआधीचा की नंतरचा ते लिहिलेलंच नव्हतं.

डिपॉझिटचे 21,750 कधीतरी परत मिळतील म्हणे, टॅक्सचे पैसे माझ्या पॅनवर भरले असतील तर रिटर्नमध्ये दिसतील, पण सेसचे 4,350 कोण देणार? आणि खडीवाला, सिमेंटवाला थांबत नाहीत ओ साहेब.

विचारायला गेलो तर सांगितलं, फायनल बिलात बघू. फायनल बिलातही हीच बेरीज पुढं ओढली तर?

म्हणून दोनच गोष्टी करा. बिलाच्या फॉर्मवर 'आधीचं' म्हणून एक रकाना आहे तिथं तीन करा: आधीच्या कामाची किंमत, आधीची कपात, आधी हातात दिलेले. आणि बिल पास व्हायच्या आधी त्या पानाची झेरॉक्स कंत्राटदाराला द्या, कन्नडमध्ये असली तरी चालेल, आकडे आम्ही वाचतो. माझ्या बिलाचे 39,150 पुढच्या बिलापर्यंत न थांबवता आत्ताच दुरुस्त करायला सांगितलंत तर उपकार होतील, एमबीचं पान आणि बँकेची एंट्री दोन्हीची झेरॉक्स सोबत जोडलीय.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक कंत्राटदार