भाडेवाढीची नोटीस जरा बदलून पाठवते आहे

१२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही भाडेकरूंना द्यायच्या नोटिशीचा फोटो पाठवलात, तो दोनदा वाचला. अक्षर अजून तसंच सुरेख आहे. पण मजकूर वाचून मलाच घर सोडावंसं वाटलं. "वाढती महागाई व बाजारभाव लक्षात घेता १ नोव्हेंबरपासून भाडे रु. २२,००० राहील. मान्य नसल्यास जागा तत्काळ रिकामी करावी, अन्यथा दुप्पट भाडे आकारले जाईल." रागावू नका, पण ही अजून देऊ नका.

पहिली अडचण महिन्याची आहे. मी कपाटातली कराराची प्रत काढून पाहिली. आत्ताचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स १ फेब्रुवारीला सुरू झाला, तो ३१ डिसेंबरला संपतो. मधे भाडं वाढवता येईल असं एकही कलम त्यात नाही. म्हणजे नोव्हेंबरपासून जास्त मागायचा हक्कच आपल्याला नाही, नवा आकडा १ जानेवारीपासूनच लागू होईल. आणि ते दुप्पट भाड्याचं वाक्य तर काढाच. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यासाठी कायद्यात ती तरतूद आहे, वाढ नाकारणाऱ्यासाठी नाही. हे लोक दर महिन्याला पाच तारखेच्या आत पैसे टाकतात, त्यांना कशाला तो धाक?

आता आकडा. अठराचे एकदम बावीस म्हणजे बावीस टक्क्यांची उडी. मी आपल्या वॉचमनकाकांकडे चौकशी केली. तिसऱ्या मजल्यावरचा तसाच टू बीएचके गेल्या महिन्यात वीस हजारांना गेला. ही गोष्ट भाडेकरूंनाही ठाऊक असणार, लिफ्टमध्ये सगळं कळतं. तेव्हा "बाजारभाव" लिहून बावीस मागितले, तर ते आपल्यालाच वीस दाखवतील.

तुम्ही फोनवर सांगितलेल्या कारणांतून मी दोनच ठेवली. सोसायटीचा मेंटेनन्स २,२०० चा २,८०० झाला, तो आपण भरतो, म्हणजे सहाशे तिथे गेले. शिवाय हे लोक आल्यापासून दोन करार झाले, बावीस महिने होतील, आणि आपण एक रुपयाही वाढवलेला नाही. अठरा हजारांवर पाच टक्के म्हणजे नऊशे. दोन्ही मिळून दीड हजार, भाडं १९,५००. हा हिशेब समोरच्याला बोटांवर मोजता येतो, म्हणून तो पटतो. इमारतीच्या रंगकामाचे पंचवीस हजार मात्र मी घेतले नाहीत. तो खर्च मालकीचा आहे, भाडेकरूंचा नव्हे. तुमच्या औषधांचा उल्लेखही नको, त्याने नुसता संकोच होतो.

आई म्हणेल, वीस तरी घ्या. अगं, पाचशे जास्त घेऊन अकरा महिन्यांत साडेपाच हजार मिळतील. ते निघून गेले आणि घर एक महिना जरी रिकामं राहिलं, तरी वीस हजार गेले, शिवाय एजंटची दलाली. त्यांची मुलगी तिसरीत आहे, वर्षाच्या मधे शाळा सोडायला लावणं मला बरं वाटत नाही.

मी असं लिहिलंय:

"स. न. वि. वि. आपला सध्याचा करार ३१ डिसेंबरला संपत आहे. आपण पुढेही राहावे अशी आमची इच्छा आहे. नव्या करारात १ जानेवारीपासून मासिक भाडे रु. १८,००० ऐवजी रु. १९,५०० असावे असे ठरवले आहे. सोसायटीचा मेंटेनन्स दरमहा रु. ६०० ने वाढला असून (बिलाची प्रत सोबत आहे) तो आम्हीच भरत राहू. उरलेले रु. ९०० ही पाच टक्के वाढ आहे. आपण राहायला आल्यापासून भाडे वाढवलेले नाही. अनामत रक्कम तीच राहील. करार-नोंदणीचा खर्च मागच्याप्रमाणे निम्मा-निम्मा. आपला निर्णय १५ नोव्हेंबरपर्यंत कळवावा. काही अडचण असल्यास अवश्य बोलावे."

शेवटचं वाक्य नुसतं शोभेचं नाही हं. त्यांनी एकोणीस म्हटलं तर मी हो म्हणणार आहे, त्याखाली नाही. आणि "करू हो जानेवारीत सावकाश" असं तोंडी ठरलं तरी नवा करार नोंदवायचाच. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे.

आई, खाली सही तुझी लागेल. करारात मालक म्हणून नाव तुझं आहे आणि बाबांनी आपली ठोकून दिली होती! एक प्रत स्वतःजवळ ठेवून दुसरीवर "मिळाली" म्हणून त्यांची सही व तारीख घ्या. मेंटेनन्सचं नवं बिल टीव्हीखालच्या खणात आहे, जुन्या लाइटबिलांच्या खाली.

तुमची,
ताई