उत्तर देऊ नकोस म्हणणाऱ्या मैत्रिणीला

प्रिय मैत्रिणी,

बाळंतपणासाठी मी श्रावणात मानवतजवळ माहेरी आले आणि लेकरू झाल्यावर तुझा पहिला मेसेज आला तो असा: "दोघी सुखरूप आहात, आईनं सांगितलं. उत्तर देऊ नकोस. मी रोज काहीतरी पाठवीन, जमेल तेव्हा ऐक." बाकीच्यांचे मेसेज तेवढ्याच मायेचे होते, पण "कशी आहेस? लेकरू कोणासारखं? फोटो पाठव ना!" यातलं प्रत्येक वाक्य मला एक काम लावत होतं. तुझ्या मेसेजनं काहीच मागितलं नाही. त्याबद्दल आभार मानायला आज हात मोकळा झाला आहे. उघड लिहिते आहे, कारण ज्यांची मैत्रीण नुकती बाळंत झाली आहे त्यांनाही हे वाचता यावं.

बाहेरच्यांना वाटतं, बाळंतीण खोलीत पडून तर असते, दोन ओळी लिहायला काय होतं? नवं लेकरू दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं. दोन-तीन तासांचं अंतर मोजायचं ते पाजायला सुरुवात केल्यापासून. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं, एवढ्यात तास-दीड तास जातो. उरलेल्या वेळात जेवण, माझं तेल-शेक आणि भेटायला येणारी माणसं. फोन हातात यायचा तो रात्री, एका हातानं, डोळे मिटत असताना. तेव्हा "कशी आहेस" याचं खरं उत्तर लिहायचं तर पान भरलं असतं आणि खोटं लिहायचा कंटाळा यायचा.

तू विचारायचीस ते एका शब्दात सांगता येईल असं. "आज गरम जेवलीस का थंड?" मी लिहायची, "थंड." तेवढ्यावर तू आईला फोन करून सांगायचीस, की पाजायच्या आधी ताट द्या, नंतर नको. तुझे आवाजी मेसेज दोन मिनिटांच्या आतले असायचे आणि सुरुवातीलाच तू म्हणायचीस, "यात काही विचारलेलं नाही." मग बँकेतलं भांडण, लातूरचा पाऊस, तुझ्या सासूबाईंनी महालक्ष्म्यांना सोळा भाज्या जमवायला केलेली धावपळ. एका कानात लावून पाजता पाजता ऐकायची मी. घरात दिवसभर दूध, शी आणि डिंकाचे लाडू यांच्यापलीकडे विषय नव्हता. तू मला माझं जुनं जग ऐकवायचीस.

आणि तू सल्ला द्यायची नाहीस. एकदाच दिलास. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "दूध पुरायलं का लेकराला?" रडलं की म्हणायच्या, वरचं दूध सुरू करा. मी रडवेली झाले तेव्हा तू एवढंच विचारलंस, "दिवसरात्रीत किती लंगोट ओले होतात?" पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त ओले होत असतील, लघवी पिवळीधमक नसेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, असं तुला तुझ्या बाळंतपणात नर्सबाईंनी सांगितलं होतं. मी मोजले, ते पुरेसे होते. मावशींशी वाद न घालता मला एक आकडा सांगता आला.

पण ज्यासाठी हे पत्र आहे ती गोष्ट महालक्ष्म्यांच्या दिवसांतली आहे. पहिल्या आठवड्यात मी उगीच रडायची. तू म्हणालीस, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं बऱ्याच जणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर मला सांग. माझं ओसरलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. माझी एका शब्दाची उत्तरंही बंद झाली, हे तू ओळखलंस. ती शांतता तू थकव्याच्या खात्यात टाकून मोकळी झाली नाहीस. दुपारी, लेकरू झोपायच्या वेळी, फोन केलास आणि विचारलंस, "लेकरू झोपलंय आणि आईनं घेतलंय, तरी तुला झोप लागायली का?" मी म्हणाले, नाही. "कशात तरी मन रमायलं का?" नाही. मग आवाज जराही न बदलता, "स्वतःला किंवा लेकराला काही करावं, आपण नसावं, असं मनात येतं का?"

हा प्रश्न मला दुसऱ्या कोणीच विचारला नव्हता. विचारल्यानं भलतंच डोक्यात भरेल, अशी भीती असते लोकांना. माझ्या डोक्यात ते आधीपासून होतं. "आपण नसलेलं बरं" असं मला रोज वाटत होतं, आणि ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं. तू "इतकं गोड लेकरू आहे, रडतेस कशाला" म्हणाली नाहीस. म्हणालीस, "सांगितलंस ते बरं केलंस. हा आजार आहे, यावर इलाज आहे. आईला मी सांगू का, तू सांगतेस?" मी म्हणाले, तू सांग. फोन आईकडे दिला, आणि आई नजर लागल्याचं बोलत होती ती तुझं ऐकून माझ्याजवळ येऊन बसली. त्या रात्री मला एकटं सोडायचं नाही हे तूच तिला बजावलंस, आणि रात्री-अपरात्री लागलं तर टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिलास. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी तू रजा टाकून आलीस आणि मला परभणीला डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी मागच्या सात दिवसांबद्दलचे १० प्रश्न विचारले. शेवटचा तुझाच होता. रक्त आणि थायरॉइड तपासलं, कारण त्यांतल्या बिघाडानंही असा थकवा आणि उदासी येते. पाजणं चालू ठेवता येईल असं औषध दिलं. बरं वाटायला काही आठवडे लागतील हेही त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून पहिल्या दिवसांत फरक दिसला नाही तरी मी धीर सोडला नाही. तुझ्या बोलण्यानं माझा आजार गेला असं मी म्हणणार नाही, तूही म्हणत नाहीस. तुझ्या बोलण्यानं मी डॉक्टरांपर्यंत पोचले.

त्यानंतरही तू रोज "आता कसं वाटायलंय?" विचारत बसली नाहीस. पुन्हा बँक, पाऊस, सासूबाई. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, "झोप?" एवढा एक शब्द. मी "चार तास" लिहिलं तर तू "बरं" लिहायचीस, आणि "दोन" लिहिलं की फोन यायचा. मला लपवायची गरज राहिली नाही, कारण खरं सांगितल्यावर काय होणार हे मला माहीत होतं.

आता झोप लागते. परवा लेकरू हसलं ते बघून मला हसू आलं. औषध चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवणार.

तुझ्या नवऱ्यालाही माझे आभार सांग. तू इकडे होतीस त्या दिवशी सणाच्या पाहुण्यांत दोन्ही लेकरांना त्यांनी एकट्यानं सांभाळलं, आणि तुला एकदाही "कधी येतेस" म्हणून फोन केला नाही.

तुझी,
मानवतची मैत्रीण