गळका फ्लश आधी शोधा

महोदय,

शहरात आठवड्यातून एक दिवस पाणी बंद ठेवण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. निर्णय मान्य आहे, पण त्यापाठोपाठ सोसायट्यांनी रोज ठरावीक तासांपुरतेच पाणी सोडण्याचा धरलेला मार्ग मला पटत नाही. लोक पिंपे, बादल्या भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळे’ म्हणून ओतून देतात. खरी नासाडी गळतीत आहे. फ्लशच्या टाकीतील रबरी वायसर झिजला की पाणी भांड्यात अखंड झिरपते. आवाजही येत नाही. झोपण्यापूर्वी टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर गळती नक्की. आमच्या 24 घरांच्या इमारतीत अशी पाच घरे निघाली. नुसता वायसर बदलून चार घरांचे काम भागले. ठिबकणाऱ्या नळाखाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवा. तो दहा मिनिटांत भरला, तर दिवसाला सुमारे 29 लिटर, म्हणजे जवळपास दोन बादल्या पाणी वाया जाते. सोसायट्यांनी व्हॉल्व्ह बंद करण्याआधी प्लंबरला घरोघरी पाठवावे.

– एक वाचक, पुणे