पिशवी परत करण्याची रीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आपण आषाढीच्या निमित्ताने जी पारितोषिकपात्र कथा-संहिता छापलीत, ती मी दोनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकाने वाचली, कारण एस.टी.चा वाहक कथेचा नायक होण्याचे प्रसंग विरळाच. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचली. मी स्वतः वाहक म्हणून निवृत्त झालो आहे आणि स्वारगेट ते पंढरपूर ही यात्रेची गाडी माझ्या वाट्याला अनेकदा आलेली आहे. संहितेचा हेतू चांगला आहे, भाषाही गोड आहे, तरीही ज्या कामावर तिचा सगळा डोलारा उभा आहे ते काम लेखकाने जवळून पाहिलेले नाही, असे नाइलाजाने लिहावे लागते.

किरकोळ गोष्टी आधी सांगून मोकळा होतो. ऐंशी वर्षांच्या आजीबाई कनवटीची नाणी मोजून तिकीट काढतात, दोन रुपये कमी पडतात आणि ते वाहक स्वतःच्या खिशातून घालतो, असा पहिला प्रवेश आहे. संहिता आजच्या काळातली आहे, कारण तीत नातू मोबाइलवर आजीचा फोटो काढतो. मग लेखकाला हे ठाऊक असायला हवे होते की, पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना 26 ऑगस्ट 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. आजीबाईंनी आधार कार्ड दाखवायचे आणि वाहकाने यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून त्यांच्या हाती द्यायचे, इतकेच तेथे घडते. वाहकाची दानत दाखवण्यासाठी लेखकाला ते दोन रुपये हवे होते, हे मी समजू शकतो; पण शासनाने आधीच माफ केलेले पैसे माफ करून कोणी दानशूर होत नाही. आजीबाई गाडीत विसरतात त्या पिशवीत एकादशीच्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आहे, याविषयी मी काही बोलत नाही. ज्या घरात हे वाचले गेले असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी बोलून घेतलेच असेल.

आता मूळ मुद्दा. संहितेतला वाहक आजीबाई उतरून गेल्यावर बाकाखाली राहिलेली पिशवी पाहतो, एकटाच ती उघडतो, आत सोन्याची नथ आणि नोटांची पुरचुंडी पाहतो, मग भरलेली गाडी वाटेत उभी करून धावत सुटतो आणि थेट मंदिराच्या सभामंडपात आजीबाईंच्या हाती पिशवी ठेवतो. या एका वाक्यात किती गोष्टी अशक्य आहेत, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहिले आहे.

वाहक कामगिरीवर निघताना स्वतःजवळची खासगी रक्कम वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबपत्रकावर, लिहून देतो. वाटेत मार्ग तपासणी पथक गाडीत चढले, तर ते विकलेल्या तिकिटांचे पैसे आणि ही खासगी रक्कम यांची बेरीज करून वाहकाच्या पिशवीतल्या रोकडीशी ताडून पाहतात. रोकड कमी निघाली तर जाब द्यावा लागतो आणि जास्त निघाली तर त्याहून कडक द्यावा लागतो, कारण जास्त रक्कम म्हणजे तिकीट न देता घेतलेले पैसे, असा पहिला संशय असतो. अशा माणसाच्या हाती दुसऱ्याची नोटांची पुरचुंडी येते, तेव्हा त्याच्या मनात सर्वप्रथम मोह येत नाही, भीती येते. लेखकाने वाहकाला नथ न्याहाळत अर्धा पानभर स्वगत बोलायला लावले आहे. प्रत्यक्षातला वाहक ती पिशवी एकट्याने उघडणारच नाही. तो चालकाला हाक मारील, दोन प्रवाशांना थांबवून घेईल आणि त्यांच्यादेखत उघडील. शिवाय तिकिटाचे यंत्र आणि रोकड सोडून त्याला गाडीपासून लांब जाता येत नाही, आणि ती बरोबर घेऊन आषाढीच्या गर्दीत धावण्याचा शहाणपणा कोणी करणार नाही.

मंदिरात गाठ पडण्याचे तर नावच काढू नका. आषाढीला पददर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. त्या रांगेत तासन् तास उभ्या असलेल्या हजारो आजीबाईंतून एक आजीबाई शोधणे विठ्ठलालाच साधावे. यात्रेच्या काळात एस.टी.ची स्थानकेही विखुरलेली असतात: चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल कारखाना. कोणत्या भागातली गाडी कोठे लागायची हे ठरलेले असते. त्यामुळे पिशवी हरवलेला माणूस बहुधा चुकीच्या स्थानकावर चौकशी करत असतो. खरी अडचण ही आहे आणि खरी गोष्टही येथेच दडलेली आहे.

मला आलेला एक प्रसंग सांगतो. त्या वेळी यंत्रे नव्हती, तिकिटांचे गठ्ठे आणि पंच होता. पंढरपूरला गाडी रिकामी झाल्यावर नेहमीप्रमाणे मी मागच्या बाकापासून पाहत आलो, कारण फेरी संपल्यावर गाडी तपासणे हे वाहकाचे कामच आहे, त्यात पुण्य काही नाही. एका बाकाखाली खताच्या गोणपाटाची शिवलेली पिशवी होती. चालकाला बोलावून तिचे तोंड सोडले. आत नारळ, खण, बुक्क्याची पुडी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या लहान लहान सतरा गाठी होत्या. गाठींना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या होत्या आणि प्रत्येकीवर शाळकरी अक्षरात एक नाव होते. ज्यांना वारीला जाणे जमत नाही, ते जाणाऱ्याच्या हाती ‘माझ्या नावाने वाहा’ म्हणून पैसे देतात. ती ही पुंजी होती. म्हणजे पिशवी एका माणसाची होती आणि ऐवज अख्ख्या गावाचा होता.

पिशवी वाहतूक नियंत्रकाकडे दिली. सापडलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत गाडी क्रमांक, फेरी, बाक आणि वस्तूंची यादी लिहायची असते. मी गाठी सोडून रक्कम मोजावी असा आग्रह धरला. उद्या कोणी म्हणाले की पैसे कमी आहेत, तर बोट माझ्याकडेच येणार होते. नियंत्रक म्हणाले, ‘‘लोकांनी देवाच्या नावाने मारलेली गाठ आपण सोडायची नाही.’’ आमची बरीच बाचाबाची झाली. शेवटी त्यांनी ‘सतरा बंद गाठी, आत रोख, मोजलेली नाही’ असे लिहिले, पिशवी सुतळीने बांधून लाख लावली आणि मी, चालक व त्यांनी स्वतः सह्या केल्या. नियंत्रकांविषयी मला आदर आहे. पण रक्कम मोजायला हवी होती, असेच मी आजही म्हणेन.

वेबिलावर प्रत्येक टप्प्याला तिकिटांचे चालू क्रमांक लिहिलेले असतात. ते पाहून भिगवणच्या अलीकडच्या एका थांब्यावर पंढरपूरची किती तिकिटे फाटली होती हे कळले. मागचे बाक तिथल्याच लोकांनी धरले होते, हे मला आठवत होते. एवढा धागा मी नोंदवहीत लिहून ठेवला आणि परतीच्या फेरीला निघून गेलो. परतीची गाडी कोणासाठी थांबत नाही. संहितेतल्यासारखी मिठी, आशीर्वाद किंवा डोळ्यांतले पाणी माझ्या वाट्याला आले नाही, आणि आले नाही म्हणून माझे काही अडलेही नाही.

पुढच्या खेपेला नियंत्रकांनी उरलेला वृत्तांत सांगितला. मालक दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, दोन स्थानके पालथी घालून तेथे पोहोचला. ‘पैसे किती होते?’ या प्रश्नावर तो म्हणाला, ‘‘मला काय ठाऊक? मी गाठ सोडून पाहिली नाही.’’ ज्या रकमेवरून मालकी ठरवायची, तीच मालकाला माहीत नाही, असा पेच पडला. मग नियंत्रकांनी चिठ्ठ्या स्वतःच्या हातात धरल्या आणि त्याला नावे सांगायला लावली. त्याला अक्षरओळख नव्हती, पण तो एकेक घर डोळ्यांपुढे आणून वाडीच्या वाटेने नावे सांगत गेला आणि ती जुळत गेली. सोळाव्या नावावर तो थांबला आणि विचारण्याआधीच म्हणाला की, एका गाठीला चिठ्ठी नसेल. ती ज्या बाईची आहे, तिने घरच्यांना न सांगता दिली आहे, म्हणून तिचे नाव लिहिले नाही आणि आपणही ते सांगणार नाही, असे तो म्हणाला. खरोखरच एका गाठीचा दोरा रिकामा होता. नियंत्रकांनी तेवढ्यावर पिशवी दिली आणि अंगठा घेतला.

या प्रसंगात लेखकाला हवे ते सगळे आहे आणि वरून कीर्तनकार आणून ‘प्रामाणिकपणा हीच खरी वारी’ असे वदवून घेण्याची गरज नाही. आपल्या परीक्षकांनी त्या शेवटच्या वाक्याची खास वाखाणणी केली आहे. मला सौम्य बोधाचे वावडे नाही, पण तो वाहकाच्या हातून व्हावा, कीर्तनकाराच्या तोंडून नव्हे. नाव न सांगण्यावर अडून राहिलेला मालक आणि गाठ सोडायला नकार देणारा नियंत्रक या दोघांना समोरासमोर उभे केले असते, तर निम्मे संवाद कापता आले असते. शाळांनी ही संहिता स्नेहसंमेलनात बसवावी, असे आवाहन आपण चौकटीत केले आहे, म्हणून ही भीड सोडली. मुलांना निदान इतके तरी कळावे की, वस्तू गाडीत राहिली तर तिकीट जपून ठेवायचे, त्यावरून गाडी आणि फेरी कळते, आणि रस्त्यात गेलेल्या गाडीच्या मागे धावण्याऐवजी जवळच्या स्थानकावरच्या नियंत्रकाला गाठायचे. आजच्या यंत्राच्या तिकिटावर चढण्या-उतरण्याचा टप्पा आणि सवलतीचा प्रकार छापलेला असतो. त्या आजीबाईंचे शून्य रुपयांचे तिकीट त्यांना शोधायला दोन रुपयांच्या दानापेक्षा अधिक कामी आले असते.

जाता जाता आणखी एक. संहितेसोबतच्या चित्रात पंढरपूरची गाडी म्हणून पुण्यातली दोन दारांची शहर बस काढली आहे आणि तिच्या पाटीवर ‘कात्रज’ असे स्पष्ट वाचता येते. चित्रकाराने संहिता वाचली नसेल, तर त्याला दोष देता येत नाही. पण पाने लावणाऱ्यांनी तरी पाटी वाचायला हरकत नव्हती. पुढच्या रविवारी दुसऱ्या क्रमांकाची संहिता येणार असून तिचा नायक रेल्वेतला तिकीट तपासनीस आहे, असे आपण जाहीर केले आहे. ती छापण्यापूर्वी एखाद्या तिकीट तपासनीसाला वाचायला द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वाहक
धनकवडी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये.)