तक्रार पत्र: टेललाइटचा फ्यूज वारंवार उडणे

दिनांक: १४ डिसेंबर २०२५
कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील मालवाहू टेम्पोचा फ्यूज वारंवार उडणे व सर्व्हिस सेंटरने दोष न शोधता मोठा फ्यूज बसवणे

महोदय,

आपल्या कंपनीचा छोटा टेम्पो मी चौदा महिन्यांपूर्वी घेतला. हंगामात कळे भागातल्या गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे भरून शाहू मार्केट यार्डात आणतो. बराचसा प्रवास रात्रीचा असतो.

दिवाळीनंतर टेललाइट, पार्किंग आणि नंबरप्लेटचा दिवा एकदम बंद पडू लागले. सर्व्हिस सेंटरने दहा अँपिअरचा लाल फ्यूज बदलला. चार दिवसांनी तो उडाला. पुन्हा लाल फ्यूज घातला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी गाडी परत आली आणि घरी फ्यूजबॉक्स उघडून पाहतो तर लालच्या जागी पिवळा, म्हणजे वीस अँपिअरचा! माझ्या तक्रारीचं मूळ हे आहे. त्या सर्किटवर पाच-पाच वॅटचे पाच बल्ब आणि मीटरचे बारके दिवे आहेत. सगळे मिळून तीन अँपिअरसुद्धा होत नाहीत. तरी दहाचा फ्यूज उडतो, म्हणजे कुठेतरी वायर चासीला टेकते आहे. अशा वेळी फ्यूज दुप्पट केला तर फ्यूज वितळायच्या आधी ती बारीक वायर तापते. माझ्या गाडीत गुळाच्या खाली आग लागली असती, तर जबाबदार कोण होतं?

चौथ्या खेपेला तिथल्या मुलाने फ्यूज काढून मल्टिमीटरची एक पिन वायरला, दुसरी चासीला लावली. बीप वाजला. 'पूर्ण हार्नेस शॉर्ट आहे, साडेअकरा हजार होतील, ग्राहकाने वायरिंग छेडल्यामुळे वॉरंटीत बसत नाही,' असं सांगितलं. वायरिंगला मी हात लावलेला नाही. आणि तो बीप शॉर्टचा नव्हताच. बल्ब जागेवर असताना मोजलं की थंड फिलामेंटचा रोध जेमतेम काही ओहम असतो, पाच बल्ब समांतर असतील तर त्याहूनही कमी. मीटर त्यालाच शॉर्ट समजतो.

शेवटी गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं. त्यांनी फ्यूज काढून त्या दोन टोकांत एकवीस वॅटचा बल्ब जोडला. आता शॉर्ट झाला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊ देत नाही, फ्यूज जाळत बसावं लागत नाही. मग पाचही बल्ब आणि मीटरचा कनेक्टर काढून पार्किंगचा स्विच चालू केला. टेस्ट बल्ब विझलेलाच. उभ्या गाडीत दोष दिसत नाही, तो हा असा. मग त्यांनी मला मागच्या फळीवर चढून गाडी हलवायला सांगितली. दुसऱ्याच हेलकाव्याला बल्ब लख्ख पेटला आणि विझला.

मागच्या हार्नेसचा कनेक्टर काढून पुन्हा हलवलं, तर बल्ब पेटेना. म्हणजे दोष कनेक्टरच्या मागेच. तो परत जोडून त्यांनी हार्नेस वीतभर वीतभर दाबत नेला. स्टेपनीच्या ब्रॅकेटपाशी हात गेला आणि बल्ब पेटला. तिथे ब्रॅकेटच्या धारेवर घासून वायरचं इन्सुलेशन गेलं होतं, नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं आणि पत्र्यावर काळा ठिपका होता. पुढे दोन इंचांपर्यंत इन्सुलेशन मऊ पडून चिकटलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून त्यांनी मीटरनेही खात्री केली: वायर ब्रॅकेटला टेकवली की बीप, उचलली की शांत.

त्या जागी हार्नेस अडकवणारी क्लिपच नाही. चासीला क्लिपसाठी भोक आहे, पण त्याच्या कडेचा रंग जसाच्या तसा आहे, एक ओरखडा नाही. क्लिप तिथे कधी बसलीच नव्हती. वॉरंटी नाकारताना हे कोणी खाली वाकून पाहिलं नाही.

मिस्त्रींनी तात्पुरती टेप आणि नळी चढवून दहाचाच फ्यूज घातला आहे. बारा दिवस झाले, तो उडालेला नाही.

माझी मागणी अशी: हार्नेसचा मागचा तुकडा क्लिपसह वॉरंटीत बदलून द्यावा, कारण मऊ पडलेल्या वायरवर मला भरवसा नाही. चार खेपांचे घेतलेले पैसे परत करावेत. वीसचा फ्यूज कोणाच्या सांगण्यावरून घातला, याचा लेखी खुलासा द्यावा. आणि याच मॉडेलच्या गाड्यांत ब्रॅकेटपाशी क्लिप आहे का, हे तपासावं. माझ्यासारखे अनेक जण त्याच गाड्या रात्री चालवतात.

उघड्या वायरचे, रिकाम्या भोकाचे आणि पिवळ्या फ्यूजचे फोटो, तसेच चारही जॉबकार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आपला,
(सही)
टेम्पोमालक, कोल्हापूर