दंडाची रक्कम हप्त्यातून आधी वळती करून खात्यावर थकबाकी दाखवल्याबद्दल तक्रार

दि. ८ जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : वैयक्तिक कर्ज खात्यावर दंडावर दंड आकारल्याबाबत

महोदय/महोदया,

घराच्या दुरुस्तीसाठी मी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याकडून ४ लाखांचे कर्ज घेतले. व्याज १२.५ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता ८,९९९ रुपये. यंदा पगार दोन महिने रखडल्याने ५ फेब्रुवारी आणि ५ मार्चचे हप्ते बाउन्स झाले. दोन्ही मी ६ एप्रिलला एकदम भरले. चूक माझी होती. बाउन्स चार्ज मी भरला आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. थकलेल्या हप्त्यावर त्या दिवसांचे १२.५ टक्क्यांनी व्याज लावलेत, तेही मान्य आहे, कारण तो दंड नाही, कराराचेच व्याज आहे.

तक्रार त्यानंतरच्या नोंदींची आहे.

करारात दंडाचा दर वार्षिक २४ टक्के, फक्त थकीत रकमेवर, असा आहे. पहिला हप्ता ६० दिवस थकला, त्याचे ३५५ रुपये. दुसरा ३२ दिवस, त्याचे १८९. एकूण ५४४. हिशेब बरोबर आहे आणि ही रक्कम मी देणे लागतो. तुम्ही त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ९८ रुपये लावले आणि ६४२ केले. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दलच्या दंडावर जीएसटी लागत नाही, हा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने, म्हणजे सीबीआयसीने, २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात केलेला आहे. तुमचा दंड त्यानंतरचा आहे.

खरी गंमत ५ मेला झाली. माझा हप्ता वेळेवर, पूर्ण ८,९९९ रुपये, खात्यातून गेला. तुमच्या सिस्टीमने त्यातून आधी ६४२ दंडापोटी वळते करून घेतले आणि ८,३५७ च हप्त्यात धरले. म्हणजे मेचा हप्ता कागदावर ६४२ ने कमी पडला. मग त्या ६४२ वर ३१ दिवसांचा २४ टक्क्यांनी दंड १३ रुपये, वर २ रुपये जीएसटी. ५ जूनच्या हप्त्यातून आधी हे १५, मग मेचे ६४२ वळते झाले. उरले ८,३४२, म्हणून जूनचा हप्ता ६५७ ने अपुरा. ५ जुलैलाही पुन्हा तेच, आणि आता थकबाकी ६७२. मी दर महिन्याला पूर्ण हप्ता भरतो आहे आणि तरीही दर महिन्याला थकबाकीदार ठरतो आहे.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाचा गाभाच हा आहे की दंड हा दंडच राहिला पाहिजे, तो व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्याचे भांडवलीकरण करून, म्हणजे तो मुद्दलात मिळवून, त्यावर पुढे व्याज लावायचे नाही. न भरलेल्या दंडावर पुन्हा दंडही लावता येत नाही. जुन्या कर्जांनाही ही पद्धत ३० जून २०२४ पर्यंत लागू करायची होती. तुम्ही दंड मुद्दलात मिसळला नाही, हे खरे. पण हप्त्यातून आधी कापून तोच दंड थकीत हप्त्याच्या रूपात परत उभा केलात आणि त्यावर २४ टक्के लावलेत. परिणाम तोच झाला. आजही माझ्या स्टेटमेंटमध्ये रकान्याचे नाव ‘ओव्हरड्यू इंटरेस्ट’ आहे. फोनवर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘‘सर, चार्ज काय नि इंटरेस्ट काय, एकच ना?’’ एकच असते तर रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलेच नसते.

रक्कम लहान आहे, मला ठाऊक आहे. पण सहाशे रुपयांपायी माझ्या क्रेडिट रिपोर्टवर मे-जूनचे हप्ते उशिरा भरल्याची नोंद गेली आहे, आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार आहे.

तेव्हा कृपया ५ मे, ५ जून आणि ५ जुलैचे हप्ते त्या-त्या तारखेला पूर्ण जमा धरा. जीएसटी आणि ५ मेनंतरचा सगळा दंड उलट नोंद करून काढा. मूळ ५४४ रुपये वेगळ्या शीर्षाखाली दाखवून वेगळी मागणी पाठवा, मी त्याच दिवशी भरतो. क्रेडिट ब्युरोला दुरुस्ती कळवून त्याची प्रत मला द्या. वसुलीतून आधी दंड वळता करायचा हा क्रम माझ्या करारातल्या कोणत्या कलमात आहे, तेही लेखी कळवा. मला तरी ते सापडले नाही.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. सोबत एप्रिल ते जुलैचे कर्ज स्टेटमेंट आणि माझ्या बँक पासबुकाच्या प्रती जोडल्या आहेत. हप्ते गेल्याच्या ओळींखाली पेन्सिलीने खूण केली आहे.

आपला,
कर्जदार ग्राहक